निर्दोष वर्गातली आठ नावं

ते पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. एकदा वाचून घडी घातली आणि ते लॉगॅरिथमच्या कोष्टकांच्या जुन्या पुस्तकात ठेवून दिलं. कारण विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं, डोळ्यांचं वगैरे. खरं कारण असं की मी घाबरलो होतो. पत्र लिहिणाऱ्या मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं, अक्षर अनोळखी होतं, पण वाक्यं माझी होती.

‘माझी’ म्हणजे अगदी माझीच. ‘उपरोक्त निरीक्षणांच्या आधारे असे म्हणता येईल की.’ ‘तथापि येथे एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे.’ आयुष्यभर मी हेच लिहीत आलो. दुपारचे तीन वाजले होते, घरात कोणी नव्हतं, आणि कोणीतरी मलाच माझ्या आवाजात जाब विचारत होतं.

मुलीचं नाव मनस्वी. कशाचा जाब, ते कळायला मे महिन्यातली बैठक सांगायला हवी.

पनवेलच्या ज्या कॉलेजात मी एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, तिथून मला बोलावणं आलं होतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला सगळ्या शाखांच्या मुलांना पर्यावरणाचा प्रकल्प-अहवाल मराठीत लिहावा लागतो. मुलं तो हल्ली मोबाइलमधल्या यंत्राकडून लिहून घेतात अशी तक्रार होती, म्हणून कॉलेजनं ते ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं. संशयितांची चौकशी करायला तिघांची समिती नेमली. प्राचार्य वसुंधरा मॅडम, प्रकल्पांचं काम बघणारा चारुदत्त आणि बाहेरचे सदस्य म्हणून मी. निर्णय तिघांच्या सह्यांनीच होणार, असा नियम होता.

“चारशे अहवाल टाकले,” चारुदत्त म्हणाला. तो माझाच विद्यार्थी, आता चाळिशीला आलेला. “अकरा लाल, बाकी हिरवे.”

“सॉफ्टवेअरवर भरवसा किती ठेवायचा?” मॅडमनी विचारलं.

“कंपनी सांगते, मुलानं स्वतः लिहिलेलं असताना चुकून लाल दाखवायचं प्रमाण शंभरात दोन. आणि यंत्राकडून लिहून घेतलेलं असेल तर शंभरात नव्वद वेळा पकडतं.”

“म्हणजे हे अकरा जण दोषी असल्याची अठ्ठ्याण्णव टक्के खात्री.”

“त्याहून जास्त, मॅडम. मी अकराही पुन्हा दोनदा टाकून पाहिले. तिन्ही वेळा लाल.”

माझ्यासमोर कोरा कागद होता. त्यावर मी पेन्सिलीनं चारशे गुणिले दोन भागिले शंभर असं लिहिलं, आणि उत्तर आठ आलं. वर्गातल्या एकाही मुलानं फसवलं नसतं तरी या यंत्रानं साधारण आठ नावं दिलीच असती. अकरातून आठ गेले की उरतात तीन. अठ्ठ्याण्णव टक्के खात्री तर सोडाच, हातात आलेल्या अकरांपैकी बहुतेक निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त होती. शंभरात दोन चुका हे प्रमाण निर्दोष मुलांमधलं होतं. मॅडम ते लाल आलेल्या मुलांना लावत होत्या.

हे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मग वाटलं, आपण निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, ही सॉफ्टवेअरं वेगळी असतील, आपल्यालाच काही कळत नसेल. मी तो आठचा आकडा तळहाताखाली झाकला.

“सर गप्प आहेत म्हणजे होकार,” चारुदत्त हसत म्हणाला. “वर्गात पण असंच होतं. सर गप्प झाले की समजायचं, उदाहरण बरोबर.”

मी सही केली. अकरा निकाल राखून ठेवले गेले.

मनस्वीनं माझा पत्ता कुठून मिळवला माहीत नाही. समितीत मी आहे एवढं तिला कळलं होतं. तिनं लिहिलं होतं की पाताळगंगा नदीच्या पाण्याचे नमुने तिनं आपटा गावी जाऊन स्वतः भरले. अहवाल स्वतः लिहिला. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलानं सगळा अहवाल मोबाइलकडून लिहून घेतला, त्याचा हिरवा आला. त्याचं नाव ती सांगणार नव्हती. न्हावा शेव्याच्या बाजूला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी ठरली होती. एकतीस जुलैपर्यंत गुणपत्रिका दिली नाही तर ती दुसऱ्या कोणाला जाणार होती. आणि शेवटी एकच प्रश्न होता: ‘हे मीच लिहिले आहे, हे मी कसे सिद्ध करू?’

खाली आणखी एक ओळ होती, खोडलेली, पण उजेडासमोर धरली की वाचता येत होती. ‘हल्ली मी बोलले की मला ते यंत्रच बोलतंय असं वाटतं.’

मी पत्र कोष्टकात ठेवलं. पण त्यानंतर वाचनात माझं लक्ष लागेना. पुस्तक उघडलं की वाटायचं, हे वाक्य कोणाचं? वाण्याची यादी लिहितानासुद्धा हात थांबायचा. यंत्र आपल्या यादीला काय म्हणेल?

असे पाच आठवडे गेले. मग एका सकाळी एक गृहस्थ दारात आले. पांढरा शर्ट, पायजमा, हातात भोपळ्याएवढी काकडी.

“मी बळीराम. मनस्वीचा बाप. आमच्या परसातली हाय, घ्या.”

मी त्यांना आत बसवलं. मनात म्हटलं, आता हे पत्राबद्दल विचारणार. त्यांनी विचारलं नाही. पत्र लिहिल्याचं त्यांना बहुधा माहीतच नव्हतं.

“सर, आमी शिकलेली मानसं नाय. पूर्वी मिठागरं होती, आता टेम्पो हाय. मला एकच समजून सांगा. कॉलेज म्हंतं, ते पोरीनं लिवलंच नाय.”

“मशीन तसं म्हणतंय,” मी म्हणालो.

“पन मी बघितलंय ना. चार दिवस सकाळपासून ओटीवर बसून लिवत होती. कागदावर लिवायची, खोडायची, मग मोबाइलवर उतरवायची. जेवायला हाक मारली तरी उठायची नाय.” ते थोडे पुढे झुकले. “तिनं लिवलं नाय तर मग आमच्या ओटीवर बसलं होतं कोन?”

त्या माणसाच्या डोळ्यांत राग नव्हता, वादही नव्हता. त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं.

“तिला विचारलंत?” मी म्हणालो.

“इचारलं. पयल्यांदा रडली. मंग भांडली. आता इचारलं तर म्हंते, बाबा, म्हायती नाय. मलाच म्हायती नाय.” त्यांनी हात चोळले. “आता लिवतंच नाय ती. फॉर्मावर सही करायची तरी पेन धरून नुसती बसते. तिची आय म्हंते, बाहेरचं काय लागलंय, देवरुषाला दाखवू. मी म्हटलं, पयले सरांना इचारतो.”

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. सुट्टी होती. जिना चढताना माझ्याच पावलांचा आवाज माझ्या मागून येत होता. चारुदत्त स्टाफरूममध्ये एकटा होता.

“सर! कळवायचं ना, चहा सांगितला असता.”

“ते अकरा अहवाल मला वाचायचेत.”

“आत्ता? तुम्ही सह्या करता आणि मग वाचता, सर. आमच्यासारखेच झालात की.”

मी वाचायला बसलो. दुसऱ्याच अहवालात ते वाक्य भेटलं. ‘उपरोक्त निरीक्षणांच्या आधारे.’ तिसऱ्यात तेच. पाचव्यात ‘तथापि येथे एक मर्यादा’. विषय वेगवेगळे होते, एकाचा कळंबोलीच्या लोखंडबाजारातली धूळ, दुसरीचा खारफुटी, पण सगळ्यांतून एकच माणूस बोलत होता. तो माणूस मी होतो.

“चारुदत्त, ही मुलं कोणत्या तुकडीतली?”

त्यानं यादी पाहिली. “नऊ जण क तुकडीतले. माझीच तुकडी. साठ मुलं. तेच म्हणतोय, सर, टोळी आहे ही. बाकीच्या तीनशे चाळीसांत मिळून दोन, आणि माझ्या साठांत नऊ! सगळ्यांनी एकत्र बसून एकाच ॲपवरून काढलंय.”

“तू त्यांना अहवाल कसा लिहायचा हे कशावरून शिकवतोस?”

त्यानं कपाटातून एक पुस्तिका काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट. आठ पानं. १९९६ साली मी लिहिलेली. मला वर्गासमोर बोलता यायचं नाही. घसा कोरडा पडायचा. म्हणून मी प्रत्येक वाक्य आधी घरी लिहून न्यायचो आणि नुसतं सांगायचो, मुलं उतरवून घ्यायची. सुरुवात कशी करावी, मर्यादा कशी मांडावी, निष्कर्षाचं वाक्य कसं असावं. त्या सांगण्याचीच ही पुस्तिका झाली होती.

“हीच उतरवून देतो,” चारुदत्त म्हणाला. “तुमच्यासारखं लिहायला कोणाला जमतं, सर? मुलं पाठ करतात.”

सपाट, ठरावीक, पुढचा शब्द आधीच ओळखू यावा असं लिखाण. यंत्राला तेच यंत्राचं वाटतं, एवढं मी एव्हाना वाचलं होतं.

मी फळ्याजवळ गेलो. इतक्या वर्षांनी हातात खडू होता, समोर एकच विद्यार्थी, तरी घसा कोरडा पडलाच. मी आठचं गणित मांडलं.

“समजा चारशेतल्या वीसांनी फसवलं. नव्वद टक्क्यांनी अठरा सापडतील, दोघं सुटतील. उरलेल्या तीनशे ऐंशी निर्दोषांतून दोन टक्क्यांनी सात-आठ लाल होतील. लाल सव्वीसच्या आसपास, त्यांतले बहुतेक खरे दोषी. आता समजा तिघांनीच फसवलं. ते जवळजवळ सगळे सापडतील, पण निर्दोषांतून आलेले आठ तसेच राहतील. लाल अकरा. आपल्याला किती मिळाले?”

“अकरा,” तो हळू म्हणाला. मग सावरला. “पण मी तीनदा तपासलं, सर.”

“खोट असलेल्या काट्यावर तीनदा वजन केलं तर तीनदा तेच भरणार.”

“तरी नऊ जण माझ्याच तुकडीतले. त्याचं काय? तुमचे आठ तर चारशेंत पसरायला हवेत.”

“कंपनीनं दोन टक्के कोणत्या मुलांवर मोजले? आपल्या नाही. या पुस्तिकेवर वाढलेल्या मुलांवर तर नाहीच. त्यांच्यापुरतं ते प्रमाण दोनच असेल, हे कुणी सांगितलं? ते मोजायला हवं.”

“कसं मोजणार? कोण खरं, कोण खोटं, तेच तर माहीत नाही.”

इथे मला जे सुचलं ते मे महिन्यातच सुचायला हवं होतं. “दोषी नक्की शून्य आहेत असा एक वर्ग घ्यायचा,” मी म्हणालो. “अशी यंत्रं नव्हतीच तेव्हाचा.”

कॉलेजात २०१४ साली अहवाल सीडीवर घ्यायचे. विभागाच्या खोलीत खोक्यात त्या पडून होत्या. चारुदत्तनं संगणक कक्षातून सीडी वाचणारं यंत्र आणलं. बहात्तर सीडींपैकी बावीसांतला मजकूर जुन्या फॉन्टमधला निघाला, नुसते चौकोन आणि चिन्हं. पन्नास वाचता आल्या. सगळी चारुदत्तचीच मुलं, सगळी याच पुस्तिकेवर शिकलेली.

एकेक अहवाल तो सॉफ्टवेअरमध्ये टाकू लागला. मी नावं वाचत होतो आणि रंग लिहीत होतो. हिरवा. हिरवा. हिरवा. पंखा कुरकुरत होता. दहा वर्षांपूर्वीची मुलं एकामागून एक खोलीत येऊन बसत आहेत असं वाटत होतं. सहावा लाल आला. मग चौदावा. एकोणिसावा.

“रेवा,” चारुदत्त म्हणाला. “ती आता मास्तरीण आहे. तिचाही लाल!” तो हसला, पण ते हसणं अर्ध्यातच थांबलं.

एकतिसावी सीडी घातल्यावर तो बटण न दाबता पडद्यावरच्या नावाकडेच बघत राहिला.

“कोण आहे?”

“प्रणित,” तो म्हणाला.

मला नाव आठवेना. त्यानं पडद्याकडे बघतच सांगितलं. “कळंबोलीला ट्रेलरखाली गेला, सर. २०१७ ला. याचा प्रकल्प पाताळगंगेचाच होता. मी गेलो होतो याच्याबरोबर. आपट्याला कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बाटल्या भरत होता आणि मला म्हणाला, सर, तुम्ही काठावरूनच मार्गदर्शन करा, तुम्हाला सर्दी होते.”

त्यानं बटण दाबलं. वर्तुळ फिरलं. पडदा लाल झाला. खाली अक्षरं उमटली: यंत्रलिखित असण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के.

बाहेर कुठेतरी दार आपटलं. चारुदत्तनं वळूनही पाहिलं नाही.

“हा नव्हता म्हणतंय,” तो पुटपुटला. “सर, हा नव्हताच असं म्हणतंय.”

त्यानं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा दाबायला गेला तेव्हा मी त्याच्या हातावर हात ठेवला.

उरलेले एकोणीस आम्ही तपासले. एकूण सात लाल. पन्नासात सात, म्हणजे शंभरात चौदा. दोषी एकही असणं शक्य नाही अशा वर्गात. साठ मुलांना चौदा टक्क्यांनी गुणलं की साडेआठच्या आसपास येतात. क तुकडीत आले होते नऊ. क तुकडीतल्या एकाही मुलानं फसवलं नसतं तरी एवढेच आले असते. म्हणजे त्या नऊ लाल खुणांनी आम्हाला काहीच सांगितलेलं नव्हतं. पन्नास काही फार मोठी संख्या नाही, हे मी चारुदत्तला बजावलं. चौदाऐवजी आठ असेल किंवा वीस असेल. पण दोन मानून कोणाचं वर्ष बुडवता येणार नाही.

“आणि उरलेले दोघं?” त्यानं विचारलं.

“तीनशे चाळीसांत दोन टक्क्यांनी सहा-सात यायला हवे होते, आलेत दोन. तिथेही यंत्राची नेहमीची चूक पुरेशी आहे.”

त्यानं कागद स्वतःकडे ओढला. “म्हणजे कोणीच फसवलं नाही?”

“तसं नाही म्हणता येत. फसवून हिरवे आलेले असतील.” पत्रातला शेजारी मला ठाऊक होता. नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

वसुंधरा मॅडमसमोर आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी बसलो. या वेळी कागद मी झाकला नाही, त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला. हुशार बाई. त्यांना तिसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“मग तपासायचंच नाही का, सर?”

“तपासा. पण लाल म्हणजे विचारपूस सुरू करायची खूण, निकाल नाही. मुलाला समोर बसवा. नमुने कुठून भरले, पहिला मसुदा कुठे आहे, हा आकडा असा का आला, विचारा. आणि ज्यांच्यावर कंपनीनं मोजलेलंच नाही अशा मुलांना कंपनीचं प्रमाण लावू नका.”

“आणि जे सुटले?”

“ते सुटले. त्यांच्यासाठी या अकरांना धरून ठेवता येणार नाही. मी माझी सही मागे घेतोय.”

मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मे महिन्यात का नाही बोललात?”

चारुदत्तनं घसा खाकरला आणि म्हणाला, “मॅडम, माझीही सही मागे.”

अकराही जणांना बोलावून विचारायचं ठरलं. चारुदत्तनं दोन दिवसांत सगळ्यांशी बोलून घेतलं. मनस्वी आली तेव्हा मी मुद्दाम गेलो नाही. तिनं वडिलांच्या टेम्पोतून कागदांची पिशवी आणली होती. खोडलेले मसुदे, पाण्याचे डाग पडलेली निरीक्षणांची वही. चारुदत्तनं विचारलं, तिसऱ्या नमुन्यात क्षार जास्त कसे? ती म्हणाली, भरतीची वेळ होती, सर, मी उशिरा पोचले, ते अहवालात लिहायला लाज वाटली. अकराही निकाल एकोणतीस जुलैला सुटले.

त्या दिवशी मी पत्र कोष्टकातून काढलं आणि उत्तर लिहायला बसलो. चार कागद फाडले. प्रत्येक वेळी माझंच वाक्य माझ्याआधी कागदावर येऊन बसायचं. पाचव्या कागदावर मी बोलतो तसं लिहिलं, अडखळत.

‘मनस्वी, तुझ्या पत्राला उशीर केला. घाबरलो होतो. तू विचारलंस, हे मीच लिहिलं हे कसं सिद्ध करू. मला त्याची रीत माहीत नाही. तुझ्या वर्गात कोणी फसवलं, हेही माहीत नाही, आणि कदाचित कधीच कळणार नाही. पण सिद्ध करायचं काम तुझं नव्हतं. माझं होतं, आणि एक गुणाकार करून मी तो झाकला. यंत्रानं पन्नास निर्दोष मुलांतून सात उचलले. त्यांतला एक आता हयात नाही, तोही पाण्यात उतरला होता. तुझी काही वाक्यं माझी आहेत. ती कशी तुझ्यापर्यंत आली, चारुदत्त सर सांगतील. ती टाकून दे. भरतीला उशिरा पोचलीस, ते वाक्य तुझं आहे. ते लिही. वडिलांना सांग, ओटीवर त्यांची मुलगीच बसली होती, असं मी मानतो.’

‘मानतो’ च्या जागी ‘खात्री आहे’ लिहावं का, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी ‘मानतो’ तसंच ठेवलं.

पनवेलच्या पोस्टात दुपारी गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजन करून तिकीट लावलं, शिक्का मारला आणि मागच्या गोणीत टाकलं.